ख्याती त्याग प्रमाणात आणि पुनर्मूल्यांकनाचा नफा जुन्या प्रमाणात: असे का?

भागीदारी पेढीत नवा भागीदार आला की जुन्या भागीदारांच्या भांडवल खात्यांवर दोन वेगळ्या रकमा येतात. इमारत, यंत्रे, माल यांच्या किमती नव्याने ठरवल्यावर निघालेला नफा किंवा तोटा ही पहिली. नव्या भागीदाराने दिलेली ख्यातीची, म्हणजे गुडविलची, रक्कम ही दुसरी. पहिली रक्कम जुन्या नफा-तोटा प्रमाणात वाटतात, दुसरी त्याग प्रमाणात, म्हणजे नव्यासाठी ज्याने नफ्यातला जितका हिस्सा सोडला त्या प्रमाणात. नियम बहुतेकांना पाठ असतो. पण त्यामागचे कारण कळलेले नसेल, तर उदाहरणातले एखादे वाक्य बदलले तरी हात अडखळतो: एखादा जुना भागीदार काहीच सोडत नसेल तर काय करायचे, ख्याती आधीपासूनच पुस्तकात असेल तर काय, किंवा किमती बदलायच्याच नाहीत असे ठरले तर काय? म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ आणि त्यातूनच कारण काढू.

उदाहरण

अजित आणि भारती हे दोघे ३:२ प्रमाणात नफा वाटून घेतात. ३१ मार्चचा त्यांचा ताळेबंद असा आहे:

| देयता | रुपये | मालमत्ता | रुपये |
|---|---|---|---|
| धनको | १,२०,००० | बँक शिल्लक | ४०,००० |
| राखीव निधी | ५०,००० | ऋणको | १,००,००० |
| अजितचे भांडवल | ३,००,००० | मालसाठा | ९०,००० |
| भारतीचे भांडवल | २,००,००० | यंत्रसामग्री | १,६०,००० |
| | | इमारत | २,८०,००० |
| एकूण | ६,७०,००० | एकूण | ६,७०,००० |

१ एप्रिलला चेतन भागीदार म्हणून येतो. तिघांचे नवे प्रमाण ५:३:२ ठरले आहे. चेतन भांडवलापोटी १,५०,००० रुपये आणेल. ख्यातीच्या त्याच्या वाट्यापैकी २५,००० रुपये तो आत्ता रोख देऊ शकतो, बाकीचे नंतर.

कोणी किती सोडले

आकडेमोडीची सुरुवात त्याग प्रमाणापासून करावी, कारण पुढे तेच लागणार आहे. प्रत्येक जुन्या भागीदाराचा जुना हिस्सा घ्यायचा आणि त्यातून नवा वजा करायचा. अजितचा हिस्सा ३/५, म्हणजे ६/१० होता; तो आता ५/१० आहे. त्याने १/१० सोडला. भारतीचा ४/१० होता, आता ३/१० आहे. तिनेही १/१० सोडला. दोघांच्या त्यागाची बेरीज २/१० होते आणि चेतनचा हिस्साही २/१० आहे. ही बेरीज जुळली नाही तर पुढे एक पाऊलही टाकू नये.

जुने प्रमाण ३:२, पण त्याग प्रमाण १:१ निघाले. हे दोन्ही नेहमी सारखेच असतात असा समज पुष्कळांचा असतो, कारण सुरुवातीला सोडवलेल्या उदाहरणांत तसेच घडते. ‘चेतनला १/५ हिस्सा दिला’ एवढेच सांगितले असेल, तर उरलेले ४/५ जुने भागीदार आपल्या जुन्याच प्रमाणात घेतात असे धरतात. मग अजित १२/२५, भारती ८/२५ आणि चेतन ५/२५ असे हिस्से होतात, त्याग ३/२५ आणि २/२५ येतो, म्हणजे पुन्हा ३:२. नवे प्रमाण स्वतंत्रपणे ठरले असेल तर मात्र त्याग मोजूनच काढावा लागतो.

भाषेतली एक छोटी गोष्ट इथे पैशांत मोजावी लागते. ‘अजितने आपल्या हिश्श्याचा १/५ भाग दिला’ याचा अर्थ ३/५ चा १/५, म्हणजे ३/२५. ‘अजितने आपल्या हिश्श्यातून १/५ भाग दिला’ याचा अर्थ सरळ १/५, म्हणजे ५/२५. ‘चा’ आणि ‘तून’ यांतला फरक नजरेतून सुटला तर त्याग, ख्याती आणि सगळी भांडवले चुकतात, आणि तरीही ताळेबंद जुळतोच. जुळलेला ताळेबंद पाहून चूक नाही असे मानण्याचा मोह इथे सर्वात धोक्याचा असतो.

पुनर्मूल्यांकन: आजवरचा नफा आजवरच्या मालकांना

आता मालमत्तेच्या किमती. तिघांनी मिळून ठरवले ते असे: इमारतीची किंमत ३,४०,००० धरायची. यंत्रसामग्री १० टक्क्यांनी कमी करायची. मालसाठा ८४,००० ला आणायचा. ऋणकोंवर ५ टक्के बुडीत व संशयित कर्जाची तरतूद करायची. शिवाय दुरुस्तीचे ३,००० रुपयांचे एक बिल देणे आहे, पण ते पुस्तकात आलेलेच नाही.

पुनर्मूल्यांकन खात्याला हे सगळे जाते. मालमत्ता वाढली किंवा देयता घटली तर जमा बाजूला. मालमत्ता घटली किंवा देयता वाढली तर नावे बाजूला. इमारतीचे ६०,००० जमा होतात. नावे पडतात यंत्रांचे १६,०००, मालाचे ६,०००, तरतुदीचे ५,००० आणि बिलाचे ३,०००, मिळून ३०,०००. खात्यात ३०,००० रुपये नफा उरतो. तो अजित आणि भारती यांना ३:२ ने, म्हणजे १८,००० आणि १२,००० असा जातो. चेतनला यातले काही मिळत नाही.

इमारतीची किंमत ज्या वर्षांत वाढली त्या वर्षांत पेढी दोघांची होती आणि नफ्याचे प्रमाण ३:२ होते. वाढ त्या काळाची आहे, ती फक्त पुस्तकात उतरलेली नव्हती. ती आत्ता उतरवली नाही आणि पुढच्या वर्षी इमारत ३,४०,००० ला विकली गेली, तर ६०,००० चा नफा पुस्तकात त्या दिवशी दिसेल आणि ५:३:२ ने वाटला जाईल. जो भागीदार त्या वाढीच्या काळात नव्हता, त्याला १२,००० रुपये मिळतील.

तोट्याचेही तसेच. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे नवा भागीदार त्याच्या प्रवेशापूर्वीच्या पेढीच्या कृत्यांना जबाबदार नसतो. पण ३,००० चे ते बिल आत्ता नोंदले नाही आणि पुढे पेढीच्या बँक खात्यातून भरले, तर तो खर्च नव्या वर्षाच्या नफ्यातून जाईल आणि चेतनचा नफा ६०० रुपयांनी कमी होईल. कायद्याने दिलेले संरक्षण हिशेबाच्या हलगर्जीपणामुळे असे निघून जाते. म्हणून पुनर्मूल्यांकनाच्या यादीत सर्वात जास्त वेळ न नोंदलेल्या गोष्टींवर घालवावा: राहिलेली बिले, न नोंदलेली जुनी यंत्रे, येणे असलेले व्याज, पूर्वी बुडीत धरलेले पण आता वसूल होईल असे वाटणारे कर्ज.

टक्केवारीचे दोन सापळे सांगतो. पहिला: ‘इमारत पुस्तकात २० टक्क्यांनी कमी दाखवली आहे’ असे लिहिले असेल, तर पुस्तकातले २,८०,००० हे खऱ्या किमतीचे ८० टक्के आहेत. खरी किंमत ३,५०,००० झाली. २,८०,००० वर २० टक्के चढवले तर ३,३६,००० येतात आणि १४,००० रुपये हरवतात. ‘किंमत २० टक्क्यांनी वाढवायची’ असे असते, तर ३,३६,००० बरोबर होते. दुसरा: बुडीत कर्जाची तरतूद ताळेबंदात आधीच असेल, तर पुनर्मूल्यांकन खात्यात पूर्ण ५ टक्के जात नाहीत, फक्त कमी पडणारी रक्कम जाते. तरतूद २,००० ची असती, तर इथे ५,००० ऐवजी ३,०००च नावे पडले असते.

राखीव निधीबद्दल थोडक्यात: तो आधीच्या नफ्यातूनच बाजूला काढलेला असतो, म्हणून तोही जुन्याच प्रमाणात, ३०,००० आणि २०,००० असा वाटायचा. पण तो पुनर्मूल्यांकन खात्यातून जात नाही, थेट भांडवल खात्यांत जमा होतो. ताळेबंदात नफा-तोटा खात्याची नावे शिल्लक असेल, तर तो तोटाही त्याच प्रमाणात भांडवलांना नावे करायचा.

ख्यातीची किंमत आणि चेतनचा वाटा

ख्याती मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. इथे साधी घेऊ: गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दुप्पट. तीन वर्षांचे नफे ९०,०००, १,१०,००० आणि १,३०,००० आहेत. पण शेवटच्या वर्षात जमीन विकून झालेला ३०,००० चा नफा मिसळलेला आहे. तो दरवर्षी होणारा नफा नव्हे, आणि ख्याती म्हणजे तर पुढेही होत राहील अशा नफ्याची किंमत. तो काढला की बेरीज ३,००,०००, सरासरी १,००,००० आणि ख्याती २,००,००० रुपये. काढला नसता तर ती २,२०,००० झाली असती आणि चेतनला ४,००० रुपये जास्त द्यावे लागले असते.

पूर्ण ख्याती चेतन विकत घेत नाही. तो नफ्याचा २/१० हिस्सा घेतो, म्हणून २,००,००० चे २/१०, म्हणजे ४०,००० त्याने द्यायचे. ते मिळतात ज्यांनी तो हिस्सा सोडला त्यांना: दोघांनी समान सोडला आहे, म्हणून प्रत्येकी २०,०००. जुन्या प्रमाणात वाटले असते तर अजितला २४,००० आणि भारतीला १६,००० मिळाले असते. भारतीने अजितइतकाच हिस्सा सोडूनही तिला ८,००० कमी.

चेतन रोख २५,०००च देतो. उरलेले १५,००० त्याच्या नावावर मांडायचे. नोंदी अशा होतात:

बँक खाते नावे १,७५,०००
   चेतनच्या भांडवल खात्याला १,५०,०००
   ख्याती खात्याला २५,०००

ख्याती खाते नावे २५,०००
चेतनचे चालू खाते नावे १५,०००
   अजितच्या भांडवल खात्याला २०,०००
   भारतीच्या भांडवल खात्याला २०,०००

ख्याती खाते एका नोंदीत उघडले आणि दुसऱ्या नोंदीत बंद झाले. चेतनचे १५,००० भांडवल खात्याऐवजी चालू खात्याला का टाकले? भांडवल खात्याला टाकले असते तर त्याचे भांडवल १,३५,००० दिसले असते. करारात तर त्याने १,५०,००० आणायचे ठरले आहे, आणि भांडवलावर व्याज द्यायचे असेल तर ते किती रकमेवर, हा वाद पहिल्याच वर्षी उभा राहतो. जिथे चालू खाती ठेवतच नाहीत, तिथे ती रक्कम भांडवलालाच नावे होते. मग कराराच्या कागदावर तसे स्पष्ट लिहून ठेवावे.

दुसऱ्या नोंदीत एक चूक हमखास होते. चेतनने २५,०००च आणले म्हणून जुन्यांना २५,०००च वाटले जातात. जुन्यांचा हक्क ४०,००० चा आहे. त्यातले किती रोख आले हा चेतन आणि पेढी यांच्यातला प्रश्न, त्याने जुन्यांचा हक्क आटत नाही. रोख आलेली ख्यातीची रक्कम जुन्या भागीदारांनी पेढीतून काढून घ्यायची ठरवली, तर ती नोंद यानंतर वेगळी करायची.

मग दोन प्रमाणे का?

इमारतीचा नफा जुन्या प्रमाणात वाटला, ख्याती मात्र त्याग प्रमाणात. दोन्ही जुन्या काळातच कमावलेल्या आहेत. इमारतीची वाढ जशी त्या दोघांच्या काळातली, तसे ग्राहक आणि नावही त्याच काळात मिळवलेले. मग वागणूक वेगळी का?

फरक इतकाच की इमारतीची वाढ पुस्तकात राहते आणि ख्याती राहत नाही. लेखामानक २६ नुसार पेढीने स्वतः निर्माण केलेली ख्याती मालमत्ता म्हणून पुस्तकात दाखवता येत नाही. विकत घेतलेली, पैसे मोजलेली ख्यातीच दाखवता येते. म्हणून २,००,००० ची ख्याती ताळेबंदात उभी करून ठेवायची सोय उरत नाही.

ती उभी केली असती तर काय झाले असते ते कागदावर करून बघू. ख्याती खाते २,००,००० नावे आणि भांडवले जुन्या प्रमाणात जमा: अजित १,२०,०००, भारती ८०,०००. अगदी इमारतीसारखे. आता ती ताळेबंदात ठेवायची नाही म्हणून लगेच पुसून टाकू. पुसताना चेतन आलेला आहे, म्हणून नव्या प्रमाणात: अजित १,००,०००, भारती ६०,०००, चेतन ४०,००० नावे. दोन्ही मिळून परिणाम काय? अजितला २०,००० जमा, भारतीला २०,००० जमा, चेतनला ४०,००० नावे. हे तर त्याग प्रमाणच! त्याग प्रमाण हा वेगळा नियम नसून ‘जुन्या प्रमाणात उभे करा, नव्या प्रमाणात पुसा’ या दोन पायऱ्या एकत्र केल्यावर उरलेली वजाबाकी आहे.

याची उलट तपासणी इमारतीवर करता येते. समजा तिघांनी ठरवले की किमती मान्य आहेत, पण पुस्तकातले जुने आकडे बदलायचे नाहीत. मग ३०,००० चा निव्वळ नफाही ख्यातीसारखाच वागवावा लागतो. जुन्या प्रमाणात १८,००० आणि १२,००० जमा, नव्या प्रमाणात १५,०००, ९,००० आणि ६,००० नावे. परिणाम: अजित ३,००० जमा, भारती ३,००० जमा, चेतन ६,००० नावे. इथे पुनर्मूल्यांकनाचा नफासुद्धा त्याग प्रमाणात वाटला गेला.

आणि शेवटी हिशेब कुठे पोहोचतो? पुढे त्याच किमतींना मालमत्ता विकली, देणी भागवली आणि तो ३०,००० चा नफा पुस्तकात आला, तर तो १५,०००, ९,०००, ६,००० असा वाटला जाईल. आधीच्या ३,०००, ३,००० जमा आणि ६,००० नावे यांच्याशी तो मिळवला की अजितला १८,०००, भारतीला १२,००० आणि चेतनला शून्य. पुन्हा ३:२. थोडक्यात, जुन्या काळाची कमाई दोन्ही वाटांनी जुन्याच प्रमाणात पोहोचते. किंमत पुस्तकात ठेवणार असाल तर जुने प्रमाण थेट वापरायचे. ठेवणार नसाल तर त्याग प्रमाण वापरायचे, म्हणजे पुढचे नव्या प्रमाणातले वाटप झाल्यावर हिशेब जुन्या प्रमाणावर येऊन थांबतो. कोणत्या रकमेला कोणते प्रमाण हे आठवत नसेल, तर एवढेच विचारावे: ही किंमत उद्याच्या ताळेबंदात दिसणार आहे का?

एखादा जुना भागीदार सोडण्याऐवजी मिळवतो तेव्हा

वरचे कारण कळले असेल तर हा अवघड वाटणारा प्रकार सहज सुटतो. समजा नवे प्रमाण ५:३:२ ऐवजी ३:५:२ ठरले. अजितने ६/१० वरून ३/१० वर येऊन ३/१० सोडला. भारती ४/१० वरून ५/१० वर गेली. तिने १/१० मिळवला. चेतनला २/१० मिळाला.

त्याग काढताना भारतीचे उत्तर उणे येते तेव्हा ते चूक समजून शून्य लिहिले जाते, आणि चेतनचे ४०,००० अजितला देऊन विषय संपवला जातो. पण अजितने ३/१० सोडला आहे, त्याची किंमत ६०,००० होते. ४०,००० चेतनकडून येतात, राहिलेले २०,००० भारतीने द्यायचे. तिने पेढीत नव्याने प्रवेश केलेला नसला, तरी १/१० हिस्सा तिने नव्याने घेतला आहे. नोंद करताना भारतीचे भांडवल २०,००० नावे, चेतनची ४०,००० ची बाजू रोख किंवा चालू खात्याने, आणि अजितचे भांडवल ६०,००० जमा. उभे करणे आणि पुसणे या पद्धतीने ताडून पाहा: भारतीला ८०,००० जमा आणि १,००,००० नावे, म्हणजे २०,००० नावे. तंतोतंत तेच.

या प्रकारातही पुनर्मूल्यांकनाचा नफा पुस्तकात उतरवला असेल तर तो ३:२ नेच जातो. भारतीचा हिस्सा आता वाढला म्हणून मागच्या वर्षांच्या वाढीतला तिचा वाटा वाढत नाही.

ख्याती पुस्तकात आधीच असेल तर

कधी कधी जुन्या ताळेबंदाच्या मालमत्ता बाजूला ख्याती दिसते. समजा आपल्या उदाहरणात ती ३०,००० असती. ती अजित आणि भारती यांच्या भांडवलांना ३:२ ने, १८,००० आणि १२,००० नावे करून आधी काढून टाकायची, आणि मगच २,००,००० च्या हिशेबाने चेतनचे ४०,००० मांडायचे. नव्या मूल्यांकनात ते ३०,००० सामावलेलेच असतात. जुनी रक्कम तशीच राहू दिली तर चेतन एकाच ख्यातीसाठी दोनदा मोजतो: एकदा ४०,००० देऊन, आणि दुसऱ्यांदा ती जुनी ख्याती पुढे पुसली जाईल तेव्हा २/१० वाट्याने, म्हणजे ६,००० सोसून. ‘ख्याती २,००,०००, त्यातून पुस्तकातले ३०,००० वजा, उरलेल्या १,७०,००० वर चेतनचा वाटा’ असेही काही जण करतात. जुने ३०,००० काढून टाकल्यावर ही वजाबाकी केली तर चेतन ३४,०००च देईल आणि नुकसान जुन्यांचे होईल.

खाती आणि नवा ताळेबंद

मूळ उदाहरणाकडे परत. अजितचे भांडवल: ३,००,००० अधिक राखीव निधीचे ३०,०००, पुनर्मूल्यांकनाचे १८,०००, ख्यातीचे २०,०००, एकूण ३,६८,०००. भारतीचे: २,००,००० अधिक २०,०००, १२,०००, २०,०००, एकूण २,५२,०००. चेतनचे १,५०,०००.

| देयता | रुपये | मालमत्ता | रुपये |
|---|---|---|---|
| धनको | १,२०,००० | बँक शिल्लक | २,१५,००० |
| देणे असलेले दुरुस्तीचे बिल | ३,००० | ऋणको, तरतूद वजा जाता | ९५,००० |
| अजितचे भांडवल | ३,६८,००० | मालसाठा | ८४,००० |
| भारतीचे भांडवल | २,५२,००० | यंत्रसामग्री | १,४४,००० |
| चेतनचे भांडवल | १,५०,००० | इमारत | ३,४०,००० |
| | | चेतनचे चालू खाते | १५,००० |
| एकूण | ८,९३,००० | एकूण | ८,९३,००० |

चेतनच्या चालू खात्याची नावे शिल्लक मालमत्ता बाजूला आली, कारण ते पेढीचे त्याच्याकडून येणे आहे. ख्याती कुठेही नाही, राखीव निधी नाही. यातले काही दिसले तर नोंद राहिली आहे असे समजावे. ताळेबंद जुळणे ही अर्धीच खूण आहे, कारण प्रमाण चुकले तरी अजितचे वाढतात तितकेच भारतीचे कमी होतात आणि बेरीज तीच राहते. प्रमाणाची चूक पकडायची तर ख्यातीचा हिशेब उभे करून, पुसून ताडावा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

काही वेळा भांडवलेही नव्या प्रमाणात आणायची ठरतात. चेतनचे १,५०,००० हे २/१० धरले, तर एकूण भांडवल ७,५०,००० होते. त्यात अजितचे ३,७५,००० आणि भारतीचे २,२५,००० हवेत. अजितने ७,००० आणायचे, भारतीने २७,००० काढून घ्यायचे. बँक शिल्लक १,९५,००० राहते. हे काम सगळ्यात शेवटी करायचे. ख्यातीच्या नोंदीआधीच भांडवले जुळवली, तर तेव्हा अजितकडे ३,४८,००० आणि भारतीकडे २,३२,००० असतील. अजित २७,००० आणून बसेल, भारती फक्त ७,००० काढेल, आणि मग ख्यातीचे वीस-वीस हजार जमा झाले की भांडवले ३,९५,००० आणि २,४५,००० होऊन प्रमाण पुन्हा बिघडेल.